मराठी एसएमएस 70 कॅरेक्टरमध्ये कसा बसवायचा, तोही उद्धट न वाटता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटी, शाळा, क्लास, पतसंस्था, छोटा दवाखाना अशा ठिकाणी लोकांना मराठीत एसएमएस पाठवायचं काम ज्यांच्याकडे असतं त्यांच्यासाठी हे पान आहे. व्हॉट्सअ‍ॅप असताना एसएमएस कशाला असं बरेच जण विचारतात, पण बटणाचा फोन वापरणारे आजी-आजोबा, नेट पॅक संपलेले लोक, ग्रुप म्यूट करून ठेवलेले लोक, या सगळ्यांपर्यंत अजूनही एसएमएसच पोचतो. म्हणून तो नीट लिहायला हवा.

इंग्रजीत 160 कॅरेक्टर चालतात, मग मराठीत मेसेज 70 लाच का तुटतो?

एका एसएमएसमध्ये 140 बाइट मजकूर मावतो, भाषा कुठलीही असो. इंग्रजी अक्षरांसाठी मोबाईलची जी जुनी ठरलेली अक्षरमाला आहे तिच्यात एका अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून 140 बाइटमध्ये 160 अक्षरं बसतात. देवनागरी त्या अक्षरमालेत नाही, तिला युनिकोड ही सगळ्या लिप्यांची मोठी अक्षरमाला लागते आणि त्यात प्रत्येक कॅरेक्टर 16 बिट म्हणजे 2 बाइट खातं. 140 भागिले 2, झाले 70.

160 हा आकडा 1985 च्या आसपास फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन इंजिनिअरने आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी ठरवला, पोस्टकार्डावर आणि टेलेक्सवर लोक साधारण किती लिहितात ते बघून. तेव्हा देवनागरीचा हिशोब कुणाच्या समोर नव्हता, आणि त्याच मापाची मर्यादा आजही आपल्या मेसेजला लागू आहे.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी सगळा मेसेज 70 च्या हिशोबात जातो. म्हणजे मराठी मेसेजमध्ये मधेच रोमन शब्द टाकला तर तो स्वस्त पडतो असं काही नाही, तिथे प्रत्येक अक्षराला तेवढीच जागा लागते.

मी मोजलं तर 45 अक्षरं होती, फोन म्हणतो 71. असं कसं?

कारण तुम्ही डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजली आणि फोन आतली कॅरेक्टर मोजतो. देवनागरीत व्यंजन एक, काना एक, वेलांटी एक, मात्रा एक, अनुस्वार एक, आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त तोही एक. "की" म्हणजे 2. "क्ष" म्हणजे 3, कारण आत क, हलन्त आणि ष आहेत. "श्री" 4. "कृपया" 5, "धन्यवाद" 7, "नमस्कार" 7, "क्षमस्व" पण 7. स्पेस, टिंब, स्वल्पविराम सगळ्यांचा एकेक.

सगळ्यात महाग सवय कुठली तर "च्या". च, हलन्त, य, काना असे 4 कॅरेक्टर प्रत्येक वेळी जातात, आणि ऑफिसच्या मराठीत आपण एकामागून एक च्या लावत जातो. "सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या" यात नुसत्या च्या-च्याचे 12 गेले, 70 मधले 12!

दोन छुप्या जागा अजून सांगतो. "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला अर्धा र काही कीबोर्ड सरळ ऱ वापरून लिहितात आणि काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण घालून लिहितात, दुसऱ्या पद्धतीत एक कॅरेक्टर जास्त जातं आणि स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. तसंच "ॲ", काही ठिकाणी ते एकच अक्षर असतं आणि काही ठिकाणी अ अधिक चंद्र असे दोन. मेसेज 71 वर अडला आणि कुठे कापावं कळत नसेल तर असा शब्द आहे का ते बघा, दुसऱ्या कीबोर्डने तो परत टाइप केला की कधीकधी काम होतं.

मोजायला गूगल शीट किंवा एक्सेलच्या एका खान्यात मेसेज पेस्ट करा आणि शेजारच्या खान्यात हे लिहा:

```
=LEN(A1)
```

उत्तर 70 किंवा कमी आलं की झालं. पेस्ट करताना शेवटी एखादी स्पेस राहून जाते, तीही मोजली जाते हे विसरू नका.

71 झाले तर नक्की काय होतं? एकच तर जास्त आहे.

एक जास्त झाला की मेसेजचे दोन तुकडे होतात, आणि तुकडे परत जुळवायला प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला थोडी माहिती जोडावी लागते, ती 6 बाइट खाते. म्हणून मग एका तुकड्यात 70 नाही तर 67 च कॅरेक्टर बसतात. दोन तुकडे म्हणजे 134, तीन म्हणजे 201. एकदम शेकडो लोकांना मेसेज पाठवून देणारे बल्क एसएमएसवाले पैसे तुकड्यांवर घेतात, म्हणजे 71 चा मेसेज दुप्पट पडतो.

बहुतेक फोन तुकडे जोडून एकच मेसेज दाखवतात. पण जुन्या फोनवर किंवा नेटवर्क खराब असताना दुसरा तुकडा उशिरा येतो, कधी येतच नाही. मराठीत हे जास्त नडतं कारण आपलं क्रियापद आणि आपला "नाही" वाक्याच्या शेवटी बसतो. "रविवारी सकाळी 9 ते 2 पाणी येणार" इथपर्यंत पहिला तुकडा, आणि "नाही" दुसऱ्यात. अर्थ बरोबर उलटा झाला. फोन लॉक असताना वर जी नोटिफिकेशनची ओळ दिसते तिथेही हेच होतं, लोक तेवढंच वाचून फोन खिशात टाकतात.

म्हणून नकार असलेला मेसेज "बंद", "रद्द", "सुट्टी", "रिकामी" अशा शब्दाने लिहा आणि तो शब्द जमेल तितका आधी आणा. "येणार नाही" ऐवजी "पाणी बंद", "होणार नाही" ऐवजी "सभा रद्द". हे लहानही होतं आणि तुटलं तरी चुकीचं वाचलं जात नाही.

एखादा मेसेज प्रत्यक्ष छोटा करून दाखवा ना.

हा घ्या, असा मेसेज प्रत्येक सोसायटीत फिरतो:

"सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम असल्यामुळे येत्या रविवारी दिनांक 14 रोजी सकाळी 9 ते दुपारी 2 या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील तरी कृपया सर्वांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती."

मोजला तर 228 कॅरेक्टर, म्हणजे चार तुकडे. आता यात काय कुठे गेलं ते बघू.

"सर्व सन्माननीय" पासून "की" पर्यंत स्पेस धरून 43 गेले आणि अजून एकही गोष्ट सांगून झालेली नाही. मेसेज सभासदांच्याच फोनवर जातोय, त्यामुळे तो कुणासाठी आहे हे सांगायची गरज नाही, आणि "कळविण्यात येते" तर मेसेज आला यातच आलं. हे सगळं काढा.

कारणाला 57 गेले. टाकी कुणाची, तर सोसायटीचीच, आणि कशाची, तर पाण्याचीच. "टाकी सफाईमुळे" एवढं पुरे, ते 13 मध्ये बसतं. कारण पूर्ण काढून टाकू नका असं मी आवर्जून सांगेन, कारण नुसतं "पाणी बंद" आलं की लोक चिडतात आणि सचिवांचा फोन वाजायला लागतो, कारण दिसलं की तेच लोक समजून घेतात. कारण सांगणं हाही सभ्यपणाच आहे.

तारखेला 30. "येत्या", "दिनांक" आणि "रोजी" तिन्ही जातील, वार आणि आकडा मात्र दोन्ही राहतील. वार लोकांच्या लक्षात राहतो, आकड्याने कुठला रविवार ते कळतं. महिना नाही लिहिला तरी चालतो कारण मेसेज त्याच आठवड्यातला आहे, पंधरा दिवस आधी पाठवत असाल तर महिना हवा.

वेळेला 29. "सकाळी 9 ते 2" म्हटलं की 2 दुपारचे हे कुणालाही कळतं, 12 मध्ये काम होतं. पण "9 ते 2" एवढंच ठेवलं तर रात्रीचे समजणारे लोक असतात, म्हणून "सकाळी" काढू नका.

"पाणीपुरवठा बंद राहील" चं "पाणी बंद".

शेवटच्या विनंतीला 48. आणि गंमत बघा, त्या 48 मध्ये लोकांनी करायचं काय ते कुठेच नाही! सहकार्य करावे म्हणजे नेमकं काय, तर आधी पाणी भरून ठेवावं. मग तेच लिहा.

झालेला मेसेज:

"टाकी सफाईमुळे रविवार 14, सकाळी 9 ते 2 पाणी बंद. कृपया भरून ठेवा -सचिव"

हे 69 आहेत. काय, कधी, का, काय करायचं आणि कोण सांगतंय, पाचही गोष्टी आहेत आणि "कृपया" पण आहे. शेवटचं टिंब मुद्दाम ठेवलेलं नाही, तो एक कॅरेक्टर मोकळा राहिलेला बरा.

"सन्माननीय", "नम्र विनंती" काढलं की ज्येष्ठ मंडळी नाराज होत नाहीत का?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर आपल्या भाषेतच आहे. मराठीत मान हा क्रियापदात असतो. "ठेव" म्हटलं तर तुम्ही लहान मुलाशी बोलताय, "ठेवा" म्हटलं की समोरच्याला मान दिला, फरक एका कान्याचा. "ठेवावे" अजून अदबीचं, त्याला आणखी 2 लागतात. "ये" आणि "या" तर दोन्ही 2-2 कॅरेक्टरचेच, मान फुकटात मिळतो. त्यामुळे वरची शोभा कापा पण क्रियापदाचं टोक कापू नका. जागा वाचवायला कुणी "पाणी भर" असं लिहिलं तर पुढे दहा वेळा कृपया लावूनही उपयोग नाही.

अजून एक चांगली गोष्ट, "तुम्ही" 6 कॅरेक्टरचा आहे आणि "आपण" फक्त 3 चा. "तुम्हाला" 8, "आपणास" 5. म्हणजे जास्त अदबीचा शब्दच इथे छोटा आहे, बिनधास्त वापरा.

एकट्या माणसाला मेसेज असेल तर सुरुवातीला "सर" 2, "ताई" 3, "काका" 4, "मॅडम" 4. "आदरणीय" 6 आणि "सन्माननीय" 9 पेक्षा हे स्वस्त तर आहेतच, शिवाय माणसाला ते आपल्यासाठी लिहिल्यासारखे वाटतात. ज्यांना रोज काका म्हणता त्यांना मेसेजमध्ये "आदरणीय सभासद" लिहिलं तर उलट परकं वाटतं.

"कृपया" चं "कृ." करू नका. 2 कॅरेक्टर वाचतात पण ते विनंतीसारखं वाचलं जात नाही, सरकारी शिक्क्यासारखं दिसतं. जागाच नसेल तर "कृपया" पूर्ण काढा आणि क्रियापद "ठेवावे" असं करा, 6 जातात (मधल्या स्पेससकट) आणि 2 येतात, 4 ची बचत आणि अदब शाबूत.

हात जोडलेला इमोजी टाकला तर नमस्कार वाचतो ना?

वाचतो. साधा 🙏 म्हणजे 2 कॅरेक्टर, "नमस्कार" 7. पण त्वचेचा रंग निवडलेला इमोजी टाकला तर त्या रंगाचे वेगळे 2 लागतात, म्हणजे 4 होतात. आणि बटणाच्या फोनवर तिथे चौकोन दिसू शकतो, हे मेसेज तर त्यांच्यासाठीच आहेत. माझं मत असं की सोसायटीच्या सूचनेत इमोजी चालून जाईल, पैशाच्या आठवणीत किंवा दुःखाच्या बातमीत नको.

मेंटेनन्स किंवा फी बाकी आहे असा मेसेज छोटा केला की धमकीसारखा वाटतो. काय करू?

पैशाचा मेसेज छोटा केला की पहिल्यांदा त्यातलं "आहे" जातं, मग "कृपया" जातं, आणि उरतं "मेंटेनन्स बाकी. त्वरित भरा". असं वाचून माणूस दुखावतो, खास करून ज्याने कालच भरलेत तो. म्हणून पैशाच्या मेसेजमध्ये मी एक वाक्य कधीच कापत नाही, ते म्हणजे आधीच भरले असतील तर माफ करा हे सांगणारं.

पहिला मसुदा असा:

"सर, जूनचा मेंटेनन्स रु.2400 बाकी आहे. 20 पर्यंत भरावा. भरला असल्यास क्षमस्व."

हे 76, म्हणजे 6 काढायचेत. "20पर्यंत" जोडून लिहा, तसंही पर्यंत जोडूनच लिहायचा असतो, 1 वाचला. शेवटचं टिंब काढा, 1. राहिले 4. आता दोन पर्याय आहेत, स्वल्पविराम आणि स्पेससकट "सर, " काढलं तर 4 वाचतात आणि आधीच्या स्पेससकट "आहे" काढलं तरी 4 च वाचतात. एकट्या ओळखीच्या माणसाला पाठवत असाल तर "सर" ठेवा आणि "आहे" काढा. सगळ्यांना एकच मेसेज जाणार असेल तर "सर" चालणारच नाही, घेणाऱ्यांत बायकाही आहेत, मग "आहे" ठेवा:

"जूनचा मेंटेनन्स रु.2400 बाकी आहे. 20पर्यंत भरावा. भरला असल्यास क्षमस्व"

बरोबर 70. "रु." च्या जागी ₹ ची खूण टाकली तर 3 च्या जागी 1 लागतो, म्हणजे अजून 2 मोकळे होतात, आणि मराठी मेसेजमध्ये ती खूण चालते कारण मेसेज युनिकोडमध्येच आहे. फक्त फार जुन्या फोनवर ती दिसत नाही.

"त्वरित", "तात्काळ", "अन्यथा" हे शब्द पहिल्या आठवणीत टाकू नका. तारीख दिली की घाई आपोआप कळते.

मराठी शब्द छोटा की इंग्रजी?

नियम नाही, मोजून बघावं लागतं. "सभा" 3, "बैठक" 4, "मीटिंग" 6, इथे मराठी जिंकली. "मेंटेनन्स" 9 आणि "देखभाल शुल्क" 12, इथे लोक रोज बोलतात तोच छोटा. "लिफ्ट" 5 आणि "उद्वाहक" 7, पण उद्वाहक लिहिलं तर निम्म्या लोकांना कळणार नाही, त्यामुळे तो 3 चा असता तरी मी वापरला नसता. आधी कळणं, मग मोजणं.

शॉर्ट फॉर्म कुठले चालतात?

जे पेपरात आणि कॅलेंडरवर रोज दिसतात ते चालतात. "सोम", "मंगळ", "बुध", "वा.", "दु." कळतात. ज्यांचे दोन अर्थ होतात ते टाळा. "ता." म्हणजे तारीख की तालुका, "सं." म्हणजे संध्याकाळ की संपर्क. "रवि" एकटा लिहिला की कुणाचं नाव वाटू शकतं, "रवि 14 ला येणार" असा मेसेज वाचून बघा. म्हणून वरच्या उदाहरणात मी 3 कॅरेक्टर जास्त देऊन "रविवार" ठेवला.

तपासायचा सोपा मार्ग म्हणजे ज्याला विषय माहीत नाही अशा घरातल्या कुणालाही मेसेज मोठ्याने वाचायला द्या. वाचताना जिथे तो अडखळेल तिथला शॉर्ट फॉर्म उलगडा आणि जागा दुसरीकडून काढा.

70 मध्ये बसतच नसेल तर?

मग हट्टाने 75 वर आणून सोडू नका, कारण 75 ला पण दोन तुकडे लागतात आणि 134 ला पण दोनच. एकदा 70 ओलांडलं की पुढची जागा आधीच मिळालेली आहे, ती वापरा, कापलेला नमस्कार, धन्यवाद, "राहील" सगळं परत आणा. फक्त महत्त्वाचं ते पहिल्या 67 मध्ये पडतंय का ते बघा. हा मेसेज पाहा:

"नमस्कार. टाकी सफाईमुळे रविवारी 14 तारखेला सकाळी 9 ते दुपारी 2 पाणी बंद राहील. कृपया आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. धन्यवाद. -सचिव"

130 आहेत, दोन तुकड्यांत बसतो. पण 67 वा कॅरेक्टर "पाणी" नंतरची स्पेस आहे! म्हणजे पहिला तुकडा "सकाळी 9 ते दुपारी 2 पाणी" इथे संपतो आणि "बंद" दुसऱ्या तुकड्यात जातो. पहिलाच पोचला तर लोक समजतील की पाणी 9 ते 2 येणार आहे. कारण मागे टाका:

"नमस्कार. रविवारी 14 तारखेला सकाळी 9 ते दुपारी 2 पाणी बंद राहील, टाकी सफाई आहे. कृपया आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. धन्यवाद. -सचिव"

आता 131 आहेत आणि "पाणी बंद राहील" पूर्ण पहिल्या तुकड्यात आलं, तोडायची जागा "टाकी" शब्दात पडते, तिथे तुटलं तरी नुकसान नाही.

रोमन अक्षरात मराठी लिहिली तर 160 मिळतात, मग तेच का नको?

तरुण पोरांचा ग्रुप असेल तर लिहा. पण रोमनमध्ये ळ आणि ल, ण आणि न एकच होतात, काना आहे की नाही ते कळत नाही, वाडा आणि वडा सारखेच दिसतात, आणि ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांना तो मेसेज आलाच नाही असं धरा. शिवाय यात एक खड्डा आहे, वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून कॉपी केलेला वाकडा अ‍ॅपॉस्ट्रॉफी, लांब डॅश किंवा ₹ ची खूण त्यात एक जरी आली तरी अख्खा रोमन मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा 160 वरून थेट 70 वर येते. रोमनमध्ये लिहायचंच असेल तर फोनवरच हाताने टाइप करा आणि तिथे Rs. लिहा.

बल्क एसएमएसने पाठवतो, तिथे काही वेगळं बघायचं का?

हो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2018 च्या नियमांनुसार अशा मेसेजचा मजकूर आधी मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदणी पोर्टलवर टेम्पलेट म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पाठवताना तो जसाच्या तसा जुळावा लागतो. म्हणजे मंजुरीनंतर "जरा कृपया काढून टाकू" असं करता येत नाही, नाहीतर मेसेज जातच नाही, टेम्पलेट परत मंजूर करून घ्यावं लागतं. तेव्हा कापाकापी मंजुरीच्या आधीच संपवा.

बदलणाऱ्या जागेसाठी टेम्पलेटमध्ये पोर्टलने ठरवलेली खूण टाकतात. मोजताना ही खूण मोजून उपयोग नाही, तिच्या जागी जे येणार ते मोजा, आणि तेही यादीतलं सगळ्यात लांब. नाव टाकत असाल तर "उमा" 3 कॅरेक्टर आणि "चंद्रशेखर" 9, म्हणजे उमाताईंना एक मेसेज आणि चंद्रशेखरांना तोच मेसेज दोन तुकड्यांत, दुप्पट पैशात. आडनावासकट नाव घालायचं असेल तर 20 तरी मोकळे ठेवा, नाहीतर नाव घालूच नका, रक्कम आणि तारीख तेवढी बदलती ठेवा.

निधनाची बातमी पण अशीच छोटी करायची का?

ही बातमी एका तुकड्यात बसवायचा प्रयत्न जरूर करा, पण कारण पैशाचं नाही, ती अर्धवट पोचणं फार वाईट म्हणून. इथे कोण, काय आणि अंत्ययात्रा कधी-कुठून एवढंच लागतं:

"काकांचे आज पहाटे निधन झाले. अंत्ययात्रा 11 वा. राहत्या घरून. -अनिल"

65 होतात. बोलताना आपण "वारले", "गेले" म्हणतो आणि ते छोटेही आहेत, पण लिहिताना "निधन झाले" चे 4-5 जास्त कॅरेक्टर द्यावेत असं मला वाटतं, आणि "झाले" तर अजिबात काढू नये. "दुःखद", "अत्यंत खेदाने" नसलं तरी कुणाला काही वाटत नाही. "अंत्ययात्रा" चा शॉर्ट फॉर्म करू नका. सांत्वनाचा मेसेज मात्र मोजत बसू नका, दोन तुकडे होऊ देत, तीन होऊ देत, आणि जमलं तर फोनच करा.

दुसरीकडच्या मर्यादांना हाच हिशोब चालतो का?

बराचसा. एक्सवर 280 ची मर्यादा आहे आणि तिथेही देवनागरीतली प्रत्येक मात्रा आणि हलन्त वेगळा एक धरतात, इमोजी 2. केंद्र सरकारच्या ऑनलाइन आरटीआय अर्जात 3000 कॅरेक्टरची मर्यादा आहे, त्यापेक्षा मोठा मजकूर पीडीएफ करून जोडता येतो.

काही वेबसाइटच्या फॉर्ममध्ये मात्र वेगळाच त्रास होतो, लिहिलेलं असतं 200 आणि मराठी लिहिताना साधारण 66 वरच अडतं. असं झालं तर समजा की तो फॉर्म कॅरेक्टर नाही, बाइट मोजतोय, आणि वेबवर देवनागरीचं एकेक कॅरेक्टर 3 बाइटचं असतं. फॉर्म बिघडलेला नाही, तुम्ही चुकलेलाही नाहीत. तिथे आकडे रोमन लिहिले तर खरंच फायदा होतो, कारण त्यांना एकच बाइट लागतो, आणि स्पेसलाही एकच. एसएमएसमध्ये मात्र 5 लिहा नाहीतर ५ लिहा, जागा तेवढीच.